एक ठोका, दोन आवाज

स्नेअरवर एकच जोरकस ठोका मारला आणि हेडफोनमध्ये ‘टड्ड’ असा जोडआवाज आला, की बहुतेक जण मोड्यूलचा मेन्यू उघडतात, मास्क टाइम शोधतात आणि जोडआवाज थांबेपर्यंत आकडा वाढवत नेतात. आवाज खरोखरच थांबतो. पुढे काही दिवसांनी रोल तुटक वाजायला लागतो, फ्लॅम अर्धाच ऐकू येतो, आणि वाजवणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. हात बरोबर असतो. मोड्यूललाच ठोके न ऐकण्याची सूचना दिलेली असते.

डबल ट्रिगर आणि असमान डायनॅमिक्स, म्हणजे हळू-जोरात यातला फरक नीट न उतरणं, या तक्रारी आपण वेगवेगळ्या धरतो. पण पुष्कळदा दोन्हींचं मूळ एकच असतं: सेन्सिटिव्हिटी गरजेपेक्षा वर ठेवलेली असते. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी सेन्सिटिव्हिटी, मग थ्रेशोल्ड, आणि मास्क टाइम सगळ्यात शेवटी, लागलाच तर.

असं का, हे समजायला पॅडमध्ये काय घडतं ते पाहावं लागेल. पॅडच्या आत नाण्यासारखी पातळ पिएझो चकती असते. मेश पॅडमध्ये सहसा तिच्यावर फोमचा शंकू बसवलेला असतो आणि त्याचं टोक जाळीला खालून टेकलेलं असतं. स्टिक जाळीवर पडली की कंपन शंकूतून चकतीत उतरतं आणि चकतीतून विजेची लाट निघते. ही लाट एका झटक्यात येऊन जात नाही. थाळी फरशीवर पडल्यावर थरथरत थरथरत शांत होते, तशी ती वर-खाली होत ओसरते. जाळी ढिली असेल तर ओसरायला आणखी वेळ लागतो.

मोड्यूलला स्टिक दिसत नाही, फक्त ही लाट दिसते. लाटेनं थ्रेशोल्डची पातळी ओलांडली की ठोका पडला असं ते धरतं. मग एक-दोन मिलिसेकंद थांबून लाटेचं सगळ्यात उंच टोक शोधतं. या थांबण्याला स्कॅन टाइम म्हणतात. टोकाच्या उंचीवरून १ ते १२७ मधली व्हेलॉसिटी ठरते आणि आवाज वाजतो. त्यानंतर ठरलेला वेळ मोड्यूल त्या पॅडकडून येणारं काहीच मोजत नाही. हाच मास्क टाइम. ही मुदत संपल्यावरही लाटेचं शेपूट थ्रेशोल्डच्या वर असेल, तर मोड्यूलच्या हिशेबी दुसरा ठोका पडलेला असतो.

सेन्सिटिव्हिटी वाढवली म्हणजे मोड्यूल ही लाट मोठी करून वाचतं. त्यात टोक मोठं होतं तसं शेपूटही मोठं होतं. टोक १२७ च्या छताला जाऊन आपटतं, त्यामुळे जोरदार आणि मध्यम ठोका सारखाच वाजतो. आणि जे शेपूट दुर्लक्षित राहायला हवं ते ठोका म्हणून मोजलं जातं. एकाच कारणातून दोन्ही तक्रारी निघतात त्या अशा.

आता बिघाड नेमका कुठला आहे ते ओळखायचं. कानावर विसंबू नका. १५ मिलिसेकंदांचं अंतर आणि ५० मिलिसेकंदांचं अंतर घाईत सारखंच ऐकू येतं. मोड्यूल यूएसबी केबलनं संगणकाला जोडा, रेकॉर्डिंगच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिडी ट्रॅक उघडा आणि एकाच पॅडवर, मध्ये भरपूर जागा सोडून, ठोके मारा. आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. क्वांटाइझ बंद ठेवा, नाहीतर सॉफ्टवेअर नोटा ग्रिडवर सरकवून पुरावाच पुसून टाकेल. मग नोटांची यादी उघडून तीन गोष्टी वाचा: नोटचा क्रमांक, व्हेलॉसिटी, आणि आधीच्या नोटपासूनचं अंतर.

ठोका एक आणि नोटा दोन, क्रमांक तोच, अंतर दर वेळी जवळपास सारखं, दुसरीची व्हेलॉसिटी पहिलीपेक्षा बरीच कमी, असं दिसलं तर ते लाटेचं शेपूट आहे. हाच खरा डबल ट्रिगर. अंतर दर वेळी बदलत असेल आणि पॅड किकचा असेल, तर बहुधा बीटर खरोखरच दोनदा आपटतो आहे. मोड्यूल बिचारं खरं तेच सांगतंय. क्रमांक वेगळे असतील, म्हणजे स्नेअरच्या ३८ बरोबर टॉमचा ४८ उमटत असेल, तर रॅकमधून कंपन दुसऱ्या पॅडपर्यंत पोचतंय. त्याला क्रॉसटॉक म्हणतात. त्याची सेटिंग वेगळी असते, मेन्यूत Xtalk Cancel अशा नावानं, आणि त्यावर मास्क टाइमचा काडीचाही उपयोग नाही. ३८ आणि ४० जोडीनं आले तर मधला ठोका आणि रिम यांची सरमिसळ होतेय, तिथे रिमची सेन्सिटिव्हिटी बघायची.

आणखी एक शक्यता आहे. यादीत नोट एकच आहे, तरी कानाला दोन आवाज येतात. मग दोष पॅडमध्ये नाहीच. एक आवाज मोड्यूल स्वतः वाजवतंय आणि तोच थोड्या उशिरानं संगणकातल्या ड्रम सॉफ्टवेअरमधून येतोय. मोड्यूलमधलं Local Control बंद करा किंवा मोड्यूलचा आवाज शून्यावर आणा, प्रश्न मिटतो. ऑक्टोपॅड लॅपटॉपला जोडून वाजवणाऱ्यांकडे हा गोंधळ बराच होतो.

मेन्यूत शिरण्याआधी पॅडकडेही पाहायला हवं. जाळी चावीनं समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं पिळत सारखी ताणा. मधोमध बोटानं दाबल्यावर ती थोडीशीच खाली जायला हवी. मेन्यूतला ट्रिगर टाइप तुमच्याच पॅडचा निवडलाय ना, हे तपासा. रबरी पॅड आणि मेश पॅड यांची लाट फार वेगळी असते, आणि टाइप बदलला की मोड्यूल बाकीचे आकडेही त्या पॅडला साजेसे भरतं. चुकीच्या टाइपवर तासभर आकडे हलवत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

मग सेन्सिटिव्हिटी. पुढचे आकडे रोलंडच्या मोड्यूलांतल्या मोजपट्टीप्रमाणे देतो. तिथे सेन्सिटिव्हिटी १ ते ३२, थ्रेशोल्ड ० ते ३१, मास्क टाइम ० ते ६४ मिलिसेकंद अशी असते. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे वेगळे असतात आणि नावंही. यामाहाच्या डीटीएक्स मालिकेत मास्क टाइमच्या जागी Reject Time दिसेल. पद्धत तीच राहते.

गाण्यात तुम्ही प्रत्यक्ष जितक्या जोरात वाजवता तितक्या जोरात स्नेअरवर सलग ठोके मारा. आयुष्यातला सगळ्यात जोरदार ठोका इथे नको. त्या हिशेबानं सेटिंग केली तर रोजचं वाजवणं मिळमिळीत वाटेल. सगळ्या नोटा १२७ वर चिकटलेल्या दिसल्या तर सेन्सिटिव्हिटी दोननं खाली आणा आणि पुन्हा मारा. जोरदार ठोके ११० ते १२५ च्या दरम्यान पसरले आणि १२७ क्वचितच दिसला, की थांबा. छताला नोट अधूनमधून लागावी, चिकटून राहू नये.

यानंतर मध्यम आणि हळू ठोके मोजा. मध्यम ठोके सत्तर-नव्वदच्या आसपास आणि घोस्ट नोटा वीस ते चाळीसच्या दरम्यान आल्या तर उत्तम. घोस्ट नोटा फारच दबल्या, तर सेन्सिटिव्हिटी परत वर नेण्याचा मोह होईल. तो टाळा, कारण जे आत्ता सोडवलंत तेच परत येईल. त्याऐवजी कर्व्ह बदला. LINEAR वरून LOG1 वर गेलात की हळू ठोक्यांना जास्त जागा मिळते आणि वरचं टोक जागेवर राहतं. LOUD1, LOUD2 हे कर्व्ह मात्र सरावाच्या किटवर मी लावू देत नाही. त्यांत हळू आणि जोरात यांतलं अंतरच फारसं उरत नाही. स्टेजवर आवाज सतत भरदार हवा असेल तेव्हा त्यांचा उपयोग.

इथपर्यंत येऊनही सारख्या जोराचे ठोके कमी-जास्त वाजत असतील, तर एक साधी चाचणी करा. जाळीवर एका जागी खडूची खूण करा, मध्यापासून जरा बाजूला, आणि फक्त तिथेच सारख्या ताकदीनं मारत राहा. एकाच जागेवरही व्हेलॉसिटी हेलकावे खात असेल, तर मोड्यूल लाटेचं टोक येण्याआधीच मोजणी उरकतंय. स्कॅन टाइम शून्यापासून थोडा थोडा वाढवत न्या. आवाज सर्वात मोठा होऊन स्थिरावला तिथे थांबा. ठोका आणि आवाज यांच्यातला उशीर या आकड्याबरोबर वाढतो, म्हणून गरजेपेक्षा एक पायरीही वर जायचं नाही.

खुणेवर आवाज स्थिर आहे, पण मधोमध मारलं की एकदम उसळतो, असं असेल तर तो फोमच्या शंकूचा प्रताप. शंकू जिथे जाळीला टेकतो तिथे कंपन थेट चकतीत जातं. एक सेन्सर मधोमध असलेल्या पॅडचा हा जन्मजात स्वभाव आहे, आणि कोणतीही सेटिंग तो पुरता घालवू शकत नाही. शंकू जाळीत जास्तच घुसलेला असेल तर त्रास वाढतो. जाळी नीट ताणली, शंकू योग्य उंचीवर आला, की कमी होतो. महागड्या पॅडमध्ये सेन्सर मध्यापासून दूर आणि एकाहून जास्त बसवतात ते यासाठीच. मधला उसळता ठोका पकडून सेन्सिटिव्हिटी उतरवू नका, नाहीतर बाकीचा सगळा पॅड मुका होईल. आकडे ठरवताना खुणेच्या जागेवरच मारा.

थ्रेशोल्डला थोडक्यात हाताळता येतं. तो एक-एक पायरी वाढवायचा आणि दर पायरीला तुमची सगळ्यात हळू घोस्ट नोट वाजवायची. ती गायब झाली की एक पायरी मागे. शेपटाचा बराच भाग इथेच कापला जातो.

आता मास्क टाइम. त्याची किंमत मिलिसेकंदांत मोजता येते, म्हणून हिशेब आधी करून ठेवायचा. १२० च्या लयीत सोळाव्या नोटांमधलं अंतर १२५ मिलिसेकंद असतं, १८० च्या लयीत सुमारे ८३, आणि २०० ला ७५. म्हणजे ६४ हा वरचा टोकाचा आकडा लावला तरी एका पाठोपाठ एक सरळ ठोके सुटायला नकोत. अनेकांची फसगत इथेच होते. साधी लय वाजवून पाहतात, सगळं ठीक वाटतं, आणि आकडा तसाच ठेवतात. पण स्नेअरवर सरळ ठोके थोडेच असतात? बझ रोलमध्ये स्टिक उसळत जाते तेव्हा दोन स्पर्शांमधलं अंतर वीस-तीस मिलिसेकंदांवर येतं. मास्क ३० असेल तर त्यातले अर्धे स्पर्श मोड्यूलपर्यंत पोचतच नाहीत.

फ्लॅमचं नुकसान त्याहून विचित्र. फ्लॅममध्ये हळू ठोका आधी पडतो आणि जोरदार ठोका त्याच्या मागोमाग, साधारण २० ते ४० मिलिसेकंदांनी. मास्क नेहमी नंतर येणाऱ्याला गिळतो, दुबळ्याला नव्हे. त्यामुळे घट्ट वाजवलेल्या फ्लॅममधला जोरदार ठोकाच नाहीसा होतो आणि मागे उरते ती फक्त हळू नोट. ऐकणाऱ्याला वाटतं, वाजवणाऱ्यानं ऐनवेळी हात आखडता घेतला. मास्क टाइम जास्त झाल्याची याहून पक्की खूण नाही: सलग फ्लॅम वाजवा, आणि काही अचानक दबलेले ऐकू आले की आकडा खाली आणा.

म्हणून स्नेअरवर मी मास्क ८ ते १२ च्या मध्ये ठेवतो आणि क्वचितच १५ पर्यंत जातो. तेवढ्यानं भागलं नाही तर हात Retrig Cancel कडे वळवावा. दोघांचं काम सारखं दिसतं, पण रीत वेगळी. मास्क घड्याळ पाहतो. मुदतीच्या आत जे येईल ते बाद, मग ते कितीही जोरदार असो. रिट्रिग कॅन्सल लाट कशी ओसरते आहे ते पाहतं, आणि ओसरत्या लाटेवरचे उंचवटे बाद करून खरा नवा ठोका वेगळा काढायचा प्रयत्न करतं. फ्लॅममधला दुसरा ठोका पहिल्याहून मोठा असल्यानं तो यातून सहसा निसटून येतो. अर्थात हेही फुकट नाही. आकडा फार वाढवला की जलद रोलमधले हळू ठोके शेपूट समजून गाळले जातात. चालेल तेवढा कमी आकडा, हाच नियम इथेही.

एक प्रत्यक्ष किट घेऊ. ठाण्यातल्या एका विद्यार्थ्याच्या घरचं, फ्लॅटमध्ये आवाज नको म्हणून घेतलेलं, मेश स्नेअर आणि मेश किकचं. तक्रार अशी, की स्नेअर दोनदा वाजायचा, घोस्ट नोटा नीट येत नाहीत, आणि किकही मधूनच दुहेरी होते. स्नेअरचा जोडआवाज थांबवायला त्यानं स्वतः मास्क टाइम ३५ वर नेऊन ठेवला होता. तो आधी ८ वर आणला, म्हणजे बिघाड उघडा पडेल, आणि रेकॉर्डिंग केलं.

स्नेअरच्या यादीत जोरदार ठोके सगळे १२७, मध्यमसुद्धा ११८ ते १२७. जोरदार ठोक्यांमागे १६-१७ मिलिसेकंदांनी तीसच्या आसपासची दुसरी नोट. अंतर पक्कं, व्हेलॉसिटी कमी: शेपूट. जाळी हातानं दाबली तर मधोमध चांगलीच खाली जात होती, ती ताणली. तेवढ्यानं मध्यम ठोक्यांच्या मागची दुसरी नोट गेली. मग सेन्सिटिव्हिटी २० वरून पायरीपायरीनं १४ वर आणली. आता जोरदार ठोके १०८ ते १२४, मध्यम ऐंशीच्या घरात. घोस्ट नोटा पंधरापर्यंत उतरल्या होत्या, कर्व्ह LOG1 केल्यावर तिशीत आल्या. थ्रेशोल्ड दोन पायऱ्या वर गेला. तिसऱ्या पायरीला घोस्ट नोटा तुटायला लागल्या, म्हणून परत दोनवर.

एवढं झाल्यावर दुहेरी नोट उरली ती फक्त रिमशॉटमागे, तीही सतरा मिलिसेकंदांनीच. मास्क २० केला असता तर काम झालं असतं, पण हा मुलगा फ्लॅम घट्ट वाजवतो, वीसच्या आसपास. त्यामुळे मास्क १० वर ठेवला आणि रिट्रिग कॅन्सल तीन पायऱ्या वाढवलं. रिमशॉट सुधारले. पाठोपाठ फ्लॅम, बझ रोल आणि हळू डबल स्ट्रोक वाजवून घेतले, काही गळत नव्हतं. प्रत्येक बदलानंतर ही तीन वाजवणी करायचीच. डबल ट्रिगर गेला एवढ्यावर समाधान मानलं की गळती नंतर कळते.

किकचं दुखणं निराळं निघालं. दोन नोटांमधलं अंतर कधी ४५, कधी ६०, कधी ७५ मिलिसेकंद, आणि दुसरीची व्हेलॉसिटी कधी साठपर्यंत. इतकी मोठी आणि इतकी अनियमित दुसरी नोट शेपटाची नसते. हा मुलगा ठोका मारल्यावर बीटर जाळीवर दाबून धरायचा. ताणलेली जाळी बीटरला मागे ढकलायची, पाय तो परत आत लोटायचा, आणि दुसरा ठोका खराखुरा पडायचा. अकूस्टिक ड्रमवर हे खपून जातं, कारण तिथला दुसरा स्पर्श पहिल्या आवाजात विरून जातो. मोड्यूल मात्र त्याला नवाकोरा आवाज देतं.

किकवर मास्क टाइम मोकळ्या हातानं वापरता येतो, कारण एका पायानं फ्लॅम कोणी वाजवत नाही. ५५ लावल्यावर बऱ्याच दुहेरी नोटा थांबल्या. ७५ वाल्या मात्र राहिल्या आणि राहणारच. मोजपट्टी ६४ ला संपते. त्यांच्यासाठी पेडलची स्प्रिंग थोडी घट्ट केली आणि ठोक्यानंतर बीटर सोडून द्यायचा सराव दिला. दुहेरी पेडल वाजवणाऱ्याला मी ५५ सुचवणार नाही. २०० च्या लयीत दोन्ही पायांच्या सोळाव्या नोटा ७५ मिलिसेकंदांवर येतात, पाय पुढे-मागे झाले तर अंतर पंचावन्नच्या खाली जातं आणि नोट गळते. तिथे तीस-पस्तीसच्या वर जाऊ नये, उरलेलं पायानं सांभाळावं.

आकडे जमले की ते कागदावर लिहून मोड्यूलच्या मागे चिकटवा, पॅडवार. फॅक्टरी रीसेटमध्ये ते सगळे पुसले जातात. जाळी बदलली, फोमचा शंकू बदलला किंवा पॅड दुसऱ्या इनपुटला लावला, तर जुने आकडे ढोबळ सुरुवात म्हणूनच घ्या आणि रेकॉर्डिंग पुन्हा करा. काहीही न बदलता एक दिवस अचानक डबल ट्रिगर परत आला, तर मेन्यूला हात लावू नका. आधी जाळीचे बोल्ट तपासा, मग केबल हलवून पाहा, मग जाळी काढून शंकू बघा. त्याचं टोक चपटं होऊन बसलं असेल तर नवा शंकू आणा; झिजलेल्या फोमची भरपाई सेन्सिटिव्हिटीनं होत नाही.